पुरवठादाराच्या बिलातील अस्पष्ट बाबी आणि जादा आकार : पैसे देण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

पुण्यातील लहान वर्कशॉप आणि कारखान्यांच्या खरेदी-लेखा विभागात काम करताना आमच्याकडे सातत्याने आलेल्या प्रश्नांची ही उत्तरे आहेत. सर्व उत्तरे एकाच बिलाच्या आधाराने दिली आहेत. नऱ्हे येथील एका फॅब्रिकेशन वर्कशॉपने चाकणमधील एका पोलाद व्यापाऱ्याकडून सीआर शीट मागवली, तिचे हे बिल आहे. त्यातील दर आणि आकार त्या व्यवहारापुरते आहेत, परंतु असे आकार कोणत्याही मालाच्या बिलात आढळू शकतात.

बिल कसे होते आणि त्यात खटकण्याजोगे काय होते?

वर्कशॉपने २ मिलिमीटर जाडीच्या, १२५० बाय २५०० मापाच्या ४० शीट मागवल्या होत्या. पुरवठादाराच्या कोटेशनमध्ये तीनच अटी होत्या: दर ६८ रुपये किलो, एक्स-गोडाऊन; भाडे प्रत्यक्ष येईल ते; जीएसटी वेगळा. हेच शब्द पर्चेस ऑर्डरमध्ये उतरवले होते. माल आला, उतरवला गेला, आणि दोन दिवसांनी बिल ई-मेलवर आले. त्याचा तपशील असा होता.

सीआर शीट, २,०२५ किलो, दर ६८ : १,३७,७०० रुपये
पॅकिंग अँड फॉरवर्डिंग २ टक्के : २,७५४ रुपये
भाडे : ४,५०० रुपये
अदर चार्जेस : १,८५० रुपये
करपात्र रक्कम : १,४६,८०४ रुपये
जीएसटी १८ टक्के : २६,४२४.७२ रुपये
राउंड ऑफ : ०.२८ रुपये
एकूण : १,७३,२२९ रुपये

बेरीज बरोबर होती, कराचा दरही बरोबर होता, म्हणूनच असे बिल सहसा मंजूर होऊन जाते. लेखापाल बहुतेक वेळा बेरीज आणि जीएसटी क्रमांक तपासून सही करतात. येथे मात्र वर्कशॉपच्या मालकांनी एकच गोष्ट विचारली: कोटेशनमध्ये भाड्याखेरीज दुसऱ्या आकाराचा उल्लेख नसताना बिलात मालाखाली तीन ओळी कशा आल्या?

बिल नेमके कशाशी ताडून पाहावे?

बिलाची प्रत्येक ओळ दुसऱ्या एखाद्या कागदावर दिसली पाहिजे. दर कोटेशनवर आणि पर्चेस ऑर्डरवर दिसतो, नग डिलिव्हरी चलानवर, वजन काटा पावतीवर आणि भाडे वाहतूकदाराच्या बिल्टीवर. एक लाखापेक्षा अधिक रकमेचा माल असल्यामुळे महाराष्ट्रांतर्गत वाहतुकीलाही ई-वे बिल लागते आणि त्यावर गाडीचा क्रमांक असतो. तो बिल्टीवरील क्रमांकाशी जुळतो का, हे पाहायला अर्धे मिनिट लागते. ज्या ओळीला असा कागद सापडत नाही, तिच्याविषयी प्रश्न विचारायचा. किंमत "जास्त वाटते" म्हणून प्रश्न विचारणे आम्ही टाळतो, कारण त्याचे उत्तर "बाजारभाव तोच आहे" एवढेच येते आणि संवाद तेथेच थांबतो.

वजनातील फरक चुकीचा आहे की नैसर्गिक, हे कसे ओळखावे?

या बिलातील सर्वांत मोठी गफलत वजनात होती आणि ती सहज दिसणारी नव्हती, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

पोलादाची घनता ७.८५ धरतात. शीटची लांबी आणि रुंदी मीटरमध्ये, जाडी मिलिमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार ७.८५ ने गुणला की एका शीटचे वजन किलोमध्ये मिळते. येथे १.२५ × २.५ × २ × ७.८५ म्हणजे ४९.०६ किलो होते, आणि ४० शीटचे १,९६२.५ किलो. बिलात होते २,०२५ किलो. म्हणजे ६२.५ किलो, सुमारे ३.२ टक्के जास्त.

एवढ्यावरून पुरवठादाराला दोष देणे योग्य नव्हे. शीट नेमकी २ मिलिमीटरची क्वचितच असते. रोलिंगमध्ये जाडी थोडी कमी-अधिक होते आणि त्या प्रमाणात वजन बदलते. तेव्हा पुढची पायरी मोजण्याची होती. वर्कशॉपमधील माइक्रोमीटरने निरनिराळ्या गठ्ठ्यांतील पाच शीट, प्रत्येकी कडेला आणि कडेपासून जितके आत मापता येईल तितके, अशा मोजल्या. जाडी २.०१ ते २.०२ मिलिमीटर भरली. बिलातील वजन खरे असते तर ती सरासरी २.०६ च्या पुढे भरायला हवी होती. म्हणजे जास्तीचे वजन पोलादाचे नव्हते.

मग काटा पावती मागितली. तिच्यावर भरलेल्या गाडीचे वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन अशा दोन नोंदी होत्या आणि त्यांची वजाबाकी बरोबर २,०२५ होती. पण शीट चार लाकडी पॅलेटवर बांधून आल्या होत्या आणि पॅलेटचे वजन कोणीही वजा केले नव्हते. वर्कशॉपने रिकामी झालेली चारही पॅलेट साध्या काट्यावर ठेवली, तेव्हा एकूण ४८ किलो भरले. निव्वळ पोलाद १,९७७ किलो होते. ते हिशेबाच्या वजनापेक्षा १४.५ किलोने जास्त, म्हणजे पाऊण टक्क्याच्या आत आहे, आणि जाडी ०.०१५ मिलिमीटरने अधिक असेल तर एवढा फरक पडतोच. तो मान्य केला. गाडीच्या काट्यावर दहा-वीस किलोंचा फरक एरवीही पडू शकतो, म्हणून तेवढ्यासाठी पत्र लिहू नये असे आमचे मत आहे.

थोडक्यात, लाकडाचे पैसे ६८ रुपये किलोने लागले होते: ४८ किलोंचे ३,२६४ रुपये. हे जाणूनबुजून केले असे आम्ही म्हणत नाही. गोदामातील माणूस काट्यावरचा आकडा कळवतो, बिल करणारा तोच टाईप करतो, आणि मधे पॅलेटचा विचार कोणीच करत नाही.

"पॅकिंग अँड फॉरवर्डिंग" टक्केवारीत लावलेले असेल तर काय विचारावे?

दोन गोष्टी विचाराव्यात. हा आकार कोटेशनच्या कोणत्या अटीत आहे, आणि त्यात नेमके काय केले. टक्केवारी ही खर्च मोजल्याची खूण नसते. शीटचा भाव किलोमागे दहा रुपयांनी वाढला म्हणून पॅलेटचे लाकूड महाग होत नाही, तरीही दोन टक्क्यांची रक्कम वाढते. या बिलात आणखी एक विसंगती होती: पॅलेटचे वजन पोलादाच्या दराने आकारले होते आणि त्याच पॅलेटसाठी पॅकिंगचे पैसेही लावले होते. पुरवठादाराला पाठवलेल्या, पुढे दिलेल्या पत्रातील सर्वांत परिणामकारक वाक्य हेच ठरले.

पुरवठादाराचे पहिले उत्तर होते, "हा आमचा स्टँडर्ड चार्ज आहे, सर्वांना लावतो." ते खरे असेलही. परंतु कोटेशनमध्ये तीनच अटी होत्या, त्यांच्या आधारे ऑर्डर दिली होती आणि त्यांनी ती स्वीकारली होती. कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरांत "पी अँड एफ एक्स्ट्रा" असे लिहिलेले असते, तर आमची बाजू कमकुवत झाली असती. म्हणून प्रश्न विचारण्याआधी कोटेशनचे मागचे पान आणि तळटीपाही वाचून घ्याव्यात.

"भाडे प्रत्यक्ष" असे ठरले असताना रक्कम पटत नसेल तर?

बिल्टीची प्रत मागावी. "प्रत्यक्ष" या शब्दाचा अर्थ वाहतूकदाराला जेवढे दिले तेवढे, असा होतो, आणि तो कागदावर दाखवणे पुरवठादाराला अवघड नसते.

या प्रकरणात बिल्टीवर ३,८०० रुपये निघाले आणि बिलात ४,५०० होते. वरचे ७०० रुपये म्हणजे उघड चूक, असे वर्कशॉपला वाटले. विचारल्यावर कळले की ते गाडीचे हॉल्टिंग होते. गाडी नऱ्ह्यात सकाळी पोहोचली होती, पण गल्लीत दुसऱ्या मालाचा टेम्पो उभा होता आणि फोर्कलिफ्ट शेजारच्या युनिटकडे गेली होती, त्यामुळे उतरवायला दुपार झाली. गेटवरच्या नोंदवहीत गाडी आत आल्याची आणि बाहेर गेल्याची वेळ होती, ती वाहतूकदाराच्या म्हणण्याशी जुळली. ते ७०० रुपये वर्कशॉपने विनातक्रार मान्य केले. प्रश्न विचारल्यावर उत्तर आपल्याविरुद्ध जाऊ शकते, याची तयारी ठेवावी; तसे झाल्यास लगेच आणि लेखी मान्य करावे. पुढच्या मुद्द्यावर पुरवठादार तुमचे म्हणणे ऐकतो तो बहुधा याच कारणाने.

भाड्यावर १८ टक्के जीएसटी कसा? वाहतुकीला तर कमी दर असतो.

वाहतूकदार आपल्याला थेट बिल देतो तेव्हाचे नियम वेगळे आहेत. पुरवठादाराने माल आणि भाडे एकत्र आपल्या बिलात आकारले, तर जीएसटी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे असे आनुषंगिक खर्च मालाच्या मूल्यात धरले जातात आणि त्यांवर मालाचाच दर लागतो. शीटवर १८ टक्के, म्हणून भाड्यावरही १८ टक्के. ही तक्रार करू नये. चुकीच्या मुद्द्यावर वाद घातला की बरोबर मुद्द्यांचेही वजन कमी होते.

"अदर चार्जेस" या ओळीचे काय करावे?

तिची फोड मागावी आणि फोड येईपर्यंत ती रक्कम मंजूर करू नये. येथे १,८५० रुपयांची फोड अशी आली: गोदामातील लोडिंगची हमाली १,०००, वजनकाटा १५०, डॉक्युमेंटेशन ७००.

हमालीबद्दल मतभेद होऊ शकतो. एक्स-गोडाऊन दरात माल गाडीत चढवून देणे येते की नाही, हे दोघांनी कोठेही लिहिले नव्हते. अशा वेळी त्या बाजारातील रूढी पाहावी लागते आणि पोलादाच्या व्यापारात लोडिंग खरेदीदाराकडे टाकण्याची पद्धत आहे. रक्कम किलोमागे पन्नास पैशांच्या आसपास होती, वाजवी होती. ती आणि काट्याचे पैसे मान्य केले. डॉक्युमेंटेशन म्हणजे काय, असे विचारल्यावर "ई-वे बिल आणि ई-इनव्हॉइस काढणे" असे उत्तर आले. कायद्याप्रमाणे विक्रेत्याने करायचे काम ग्राहकाच्या खात्यावर टाकण्याला, तसे आधी ठरलेले नसेल तर, आम्ही ठाम नकार देतो.

बिलात टीसीएस दिसला तर?

मालाच्या विक्रीवर ०.१ टक्के टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने बिलातच गोळा करायचा आयकर, आकारण्याची तरतूद १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाली आहे. त्यानंतरच्या बिलात ती ओळ दिसली, तर बहुधा सॉफ्टवेअरमधील जुनी सेटिंग तशीच राहिलेली असते. एक ओळीचा मेल पुरतो. भंगाराच्या विक्रीवरील टीसीएस मात्र वेगळा आहे आणि तो चालू आहे.

पत्र कोणाला आणि कसे लिहावे?

विक्री प्रतिनिधीला फोन करून सांगितले तर तो "बघतो" म्हणतो आणि आठवड्याने आपणच पुन्हा फोन करतो. ई-मेल पुरवठादाराच्या लेखा विभागाला करावा आणि प्रतिनिधीला त्याची प्रत द्यावी. पत्रात आरोप नसावा, विशेषणे नसावीत. प्रत्येक ओळीसाठी तीन गोष्टी असाव्यात: बिलात काय आहे, आमच्या कागदावर काय आहे, आम्हांला काय हवे. वर्कशॉपने पाठवलेले पत्र थोडे संक्षिप्त करून पुढे दिले आहे.

"मा. लेखा विभाग यांस,
सप्रेम नमस्कार.
आपल्या उपरोक्त बिलातील पुढील बाबींचा खुलासा मिळावा, ही विनंती.
१. वजन २,०२५ किलो आकारले आहे. काटा पावतीवरील हे वजन चार लाकडी पॅलेटसह आहे. पॅलेटचे वजन आमच्याकडे ४८ किलो भरले, त्याचे फोटो सोबत जोडले आहेत. निव्वळ १,९७७ किलो आम्हांस मान्य आहे.
२. पॅकिंग अँड फॉरवर्डिंग २,७५४ रुपये आपल्या कोटेशनमध्ये नमूद नाही. शिवाय ज्या पॅलेटसाठी हा आकार आहे, त्यांचे वजनही मालाच्या दराने आकारलेले आहे. हा आकार कोणत्या अटीनुसार लावला, ते कळवावे.
३. भाडे ४,५०० रुपये. कृपया बिल्टीची प्रत पाठवावी.
४. अदर चार्जेस १,८५० रुपये. कृपया तपशीलवार फोड द्यावी.
मालाचा दर्जा आणि नग यांबाबत आमची तक्रार नाही. वरील बाबी वगळता उर्वरित रक्कम ठरलेल्या मुदतीत आपल्या खात्यात जमा करत आहोत.
आपला विश्वासू"

"मालाबाबत तक्रार नाही" हे वाक्य काहींना अनावश्यक औदार्य वाटते. आमच्या मते ते ठेवावे, कारण त्यामुळे पुरवठादाराला हा पैसे लांबवण्याचा बहाणा आहे असे म्हणता येत नाही.

किती दिवसांत विचारावे?

शक्यतो माल मिळाल्याच्या पहिल्या आठवड्यात. पुरवठादार एमएसएमई नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे लेखी करार नसताना १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ व्याज लागते. याच कायद्यात माल स्वीकारण्याबाबतचा लेखी आक्षेप माल मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत घ्यावा, असे म्हटले आहे. तोंडी सांगितलेले यात धरले जात नाही. बिलातील एखाद्या आकाराबद्दलच्या शंकेमुळे संपूर्ण बिलाची मुदत थांबते, असे मात्र समजू नये. वरील पुरवठादार केवळ व्यापारी होता आणि या कायद्यातील विलंब-व्याजाचे संरक्षण व्यापाऱ्यांना मिळत नाही. तरीही सवय एकच ठेवलेली बरी.

वाद मिटेपर्यंत संपूर्ण बिल रोखावे का?

नाही. जेवढ्याबद्दल प्रश्न आहे तेवढेच रोखावे आणि बाकीचे वेळेवर द्यावे, तेही कशापोटी किती दिले याच्या तपशिलासह. दीड लाखाच्या बिलात सात-आठ हजारांसाठी सर्व पैसे अडवले की चर्चा त्या सात हजारांची राहत नाही, तुमच्या विश्वासार्हतेची होते. दुसरी बाजूही लक्षात ठेवावी: बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला न दिलेल्या रकमेच्या प्रमाणात, घेतलेले इनपुट टॅक्स क्रेडिट व्याजासह परत करावे लागते. म्हणजे वादातली रक्कम अनिश्चित काळ लटकत ठेवणे आपल्यालाही महाग पडते.

पुरवठादाराने मान्य केले, तर जुने बिल रद्द करून नवे मागावे का?

बहुतेक वेळा तसे करता येत नाही. वार्षिक उलाढाल पाच कोटींच्या वर असलेल्या पुरवठादारांना ई-इनव्हॉइस काढावे लागते आणि ते पोर्टलवर २४ तासांच्या आतच रद्द करता येते. आपला प्रश्न साधारणपणे त्यानंतर पोहोचतो. योग्य कागद म्हणजे क्रेडिट नोट, आणि ती जीएसटीसह असावी. "पुढच्या बिलात वळते करू" हे आश्वासन आम्ही स्वीकारत नाही. पुढच्या बिलाचा दर वेगळा असतो आणि तोवर बोलणारा माणूसही बदललेला असू शकतो.

या बिलात मान्य झालेली वजावट अशी होती: वजनापोटी ३,२६४, पॅकिंगपोटी २,७५४, डॉक्युमेंटेशनपोटी ७००, एकूण ६,७१८ रुपये. त्यावर जीएसटी १,२०९.२४. क्रेडिट नोट ७,९२७ रुपयांची निघाली आणि वर्कशॉपने एकूण १,६५,३०२ रुपये दिले. क्रेडिट नोटमध्ये मूळ बिलाचा क्रमांक आणि तारीख आहे ना, हे पाहावे. ती पोर्टलवर दिसल्यावर तेवढे क्रेडिट आपल्याकडून कमी करावे लागते, हे लेखापालांना आधीच सांगून ठेवावे. अशा अंशतः वादासाठी जीएसटी पोर्टलवर मूळ बिलच नाकारण्याची घाई करू नये, कारण त्यामुळे संपूर्ण बिलाचे क्रेडिट अडकते.

"पटत नसेल तर पुढचा माल देणार नाही" असे पुरवठादार म्हणाला तर?

पर्यायी पुरवठादार आहे की नाही, यावर उत्तर अवलंबून आहे. नसेल, तर आम्ही मुद्दे वेगळे करतो: वजनासारखी मोजून दाखवता येणारी चूक सोडत नाही, आणि रूढीचा प्रश्न असलेल्या हमालीसारख्या ओळी या वेळेपुरत्या, तसे लिहून, मान्य करतो. वरच्या प्रकरणात पॅकिंगच्या दोन टक्क्यांवर पुरवठादार चार दिवस अडून होता. अखेर त्यांच्या मालकांनी स्वतः फोन करून सांगितले की या बिलातून काढतो, पण पुढच्या कोटेशनमध्ये घालणार. वर्कशॉपने ते मान्य केले. पुढच्या कोटेशनमध्ये तो आकार आला, पण टक्क्यांत नव्हे, प्रति पॅलेट ठरावीक रुपयांत; आणि वजनासमोर "निव्वळ, पॅलेट वगळून" असे लिहिलेले होते.